तिकीट बंद कधी करायचं?

(नाशिकमध्ये सॉफ्टवेअर टेस्टर आणि डेव्हलपर मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

कांद्याचे रोजचे बाजारभाव दाखवणाऱ्या एका साइटचं काम आमच्याकडे होतं. तिच्या तिकिटांमध्ये, म्हणजे दुरुस्तीसाठी नोंदवलेल्या तक्रारींमध्ये, एक तिकीट असं होतं : ‘भावाचं पान फार स्लो आहे.’ बस, एवढंच. डेव्हलपरनं ऑफिसच्या वायफायवर पान उघडलं, ते पटकन आलं, त्यानं तिकीट बंद केलं. आमच्या टेस्टर ताई लासलगावला माहेरी गेल्या होत्या. त्यांनी तिथून फोनवर तेच पान उघडलं आणि तिकीट पुन्हा उघडलं. असं तीनदा झालं. दोघंही खरंच बोलत होते. ‘स्लो’ म्हणजे किती आणि कुठे मोजायचं, हे तिकिटावर कुणी लिहिलंच नव्हतं.

चौथ्या वेळी ताईंनी ते नव्यानं लिहिलं : ‘भावाचं पान, मोबाइल. एलसीपी आज 4.9 सेकंद, हवा 2.5 किंवा कमी. 75 वा पर्सेंटाइल, खऱ्या वापरकर्त्यांचा 28 दिवसांचा आकडा.’ एलसीपी म्हणजे पानावरचा सगळ्यात मोठा मजकूर किंवा चित्र दिसायला लागलेला वेळ. 2.5 ही गूगलनं ‘चांगलं’ म्हणून ठरवलेली मर्यादा आहे. 75 वा पर्सेंटाइल म्हणजे शंभरातल्या निदान 75 भेटींना तेवढ्या वेळात ते दिसलं पाहिजे. आता ऑफिसचं वायफाय कामाचं नाही, हे कुणी सांगायची गरज उरली नाही.

मग कारण शोधलं. मंद नेटवर्कची नक्कल करून मोजलं तर 4.6 सेकंद आले. त्यात सर्व्हरचं पहिलं उत्तर यायला 0.7, चित्र डाउनलोड व्हायला 1.7 आणि ते पडद्यावर उमटायला 0.3. उरलेले 1.9 सेकंद ब्राउझरनं चित्र मागितलंच नव्हतं! वरच्या बॅनरला कुणीतरी हे लावून ठेवलं होतं :

```html
<img src="banner.jpg" loading="lazy">
```

खाली लपलेल्या चित्रांसाठी lazy ही सोय छान आहे. पण पहिल्याच पडद्यावरच्या चित्राला ती लावली, की पानाची मांडणी कळेपर्यंत ब्राउझर थांबून राहतो. आम्ही ते काढलं, चित्र हलकं केलं आणि ते आधी मागवायला ब्राउझरला सांगितलं :

```html
<img src="banner.webp" fetchpriority="high">
```

थांबणं 0.3 वर आलं, डाउनलोड 0.8 वर. एकूण 2.1.

लगेच तिकीट बंद करायचा मोह होतो. आम्ही केलं नाही, कारण तिकिटावर नकलेचा नव्हे, खऱ्या वापराचा आकडा होता. पाचव्या दिवशी तो जेमतेम 4.8 झाला आणि साहेबांचा फोन आला, ‘अहो, काहीच फरक नाही की!’ फरक दिसणार कसा? 28 दिवसांच्या खिडकीत अजून 23 दिवस जुन्या पानाचे होते. ती खिडकी पूर्ण सरकेपर्यंत आम्ही ‘दुरुस्त, मोजणी बाकी’ अशी वेगळी अवस्था ठेवली. शेवटी आकडा आला 2.7. अडीचच्या वर, म्हणजे उघडंच. नंतर सर्व्हरवर भावाचं पान तयार करून कॅशमध्ये ठेवलं, पुन्हा महिनाभर थांबलो, 2.4 आला, तेव्हा बंद केलं.

त्याच पानावर सुलभतेचंही एक तिकीट होतं. भावाखालची तारीख फिकट राखाडी, उन्हात वाचता येईना. डब्ल्यूसीएजी या वेब सुलभतेच्या निकषांच्या एए पातळीला साध्या आकाराच्या अक्षरांचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट किमान 4.5 लागतो. डेव्हलपरनं पांढऱ्यावर #777777 घेतला आणि म्हणाला, ‘साडेचार आले.’ ताईंनी मोजलं तर 4.48. इथे आकडा वर ओढून साडेचार करता येत नाही. #767676 घेतल्यावर 4.54 झाले. डोळ्याला दोन्ही सारखेच, हे मला मान्य आहे. पण एकदा 4.48 चालवून घेतलं की उद्या 4.3 वर घासाघीस सुरू होते.

कॉन्ट्रास्टच्या आकड्यात न मावणारी एक गोष्ट मात्र राहिली. भाव चढला तर हिरवा, उतरला तर लाल. दोन्ही रंगांचा कॉन्ट्रास्ट पास, पण लाल-हिरवा न ओळखणाऱ्या माणसाला चढ-उतार कळणार कसा? त्यासाठी ताईंनी वेगळं तिकीट केलं : ‘पानाचा कृष्णधवल स्क्रीनशॉट. पान पूर्वी न पाहिलेल्या माणसानं 12 पैकी 12 ओळींचा चढ-उतार बरोबर सांगावा.’ कॅन्टीनमधल्या दादांना दाखवला, त्यांना 5 जमल्या. बाण लावल्यावर दुसऱ्या एकाला दाखवला, त्यानं बाराच्या बारा सांगितल्या. मग ताईंनी स्क्रीन रीडर चालू केला. बाण चित्राचे होते आणि त्यांना मजकुराचा पर्याय दिलाच नव्हता, त्यामुळे त्यानं नुसतेच भाव वाचले. तिकिटावर आणखी एक ओळ आली : ‘स्क्रीन रीडरवरही 12 पैकी 12.’ ते अजून उघडं आहे.