नऊ माणसं आणि एक कडी

डोंबिवलीतल्या जुन्या बिल्डिंगमधलं हे वन बीएचके. आजी-आजोबा, दोन भाऊ, दोघी जावा, तीन पोरं, मिळून नऊ जण, आणि संडास-बाथरूम एकत्र, एकच, तेही किचनला लागून. आत कोण गेलंय, किती वेळ झाला, नळ चालू आहे की बंद, हे पोळ्या लाटताना मान न वळवता कळतं. आणि आत बसलेल्याला माहीत असतं की बाहेर कळतंय. माणशी पंधरा मिनिटं धरली तरी सव्वादोन तास होतात, त्यात दोघांना लोकल गाठायची, पोरांची शाळा.

आता धाकट्या सुनेचं बघा. ती पाचला उठते, तेव्हा बाथरूम रिकामं असतं, पण तिला कळ येते चहा झाल्यावर. पोटात काही गेलं की मोठं आतडं हलायला लागतं, ही शरीराची रीतच आहे, आणि सकाळी तिचा जोर जास्त. पण सहाला सगळ्यांचा चहा एकदम होतो, मग जावंसंही सगळ्यांना साधारण एकाच वेळी वाटतं. आत आजोबा, मग ऑफिसवाले, मग पोरं. ती म्हणते, "तुम्ही आवरून घ्या, माझं काय, मी नंतर जाईन."

हे नंतर म्हणजे नेमकं काय होतं? मळ खाली उतरला की आतला स्नायू आपोआप सैल पडतो, बाहेरचा आपल्या ताब्यात असतो, तो आपण आवळून धरतो. थोड्या वेळात कळ जाते आणि वाटतं, चला, सुटलो. पण मळ आतच असतो आणि आतडं त्यातलं पाणी शोषत राहतं. अकराला बाथरूम मोकळं मिळतं तेव्हा कळच नसते, मग कुंथायचं, खडे पडतात, कधी रक्त. वर्षानुवर्षं हेच चाललं की गुदाशयाला भरलेलं राहायची सवय होते आणि कळ आली तरी नीट जाणवत नाही. रात्री इसबगोल घेतलं आणि सकाळी पुन्हा कळ दाबली तर त्या इसबगोलाने काय करायचं?

लघवीचं आणखी वाईट, कारण तिथे बायकांनी उपायच उलटा शोधलाय, पाणीच प्यायचं नाही. रात्री उठायचं तर हॉलमध्ये झोपलेल्या दिरा-सासऱ्यांना ओलांडून जायचं, लाइट लावायचा, फ्लशचा आवाज, त्यापेक्षा संध्याकाळनंतर घोट-दोन घोट पुरे. मूत्राशयात दीड-दोनशे मिली साठलं की पहिली जाणीव होते, चार-पाचशेला फार जोर होतो, आणि ही बाई तेवढ्यावरही पहाटेपर्यंत कळ काढते. लघवी गडद पिवळी होते, मग जळजळ, मग इन्फेक्शन, आणि हे घरात बोलायचं कुणाशी?

सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते सात वर्षांच्या पोराचं. तो बसला की दारावर थाप, "झालं का रे?" एकदा कडक झालं, दुखलं, तेव्हापासून तो पाय आवळून कोपऱ्यात उभा राहतो, तीन-तीन दिवस जात नाही. आणि मग चड्डीला डाग लागायला लागले. आईला वाटलं पोट बिघडलंय, जुलाब होतायत. खरं तर आत घट्ट गोळा अडकलेला आणि त्याच्या कडेने पातळ पाझरतंय, त्याला ते समजतही नाही, आणि वर ओरडा खातो तो! अशा वेळी जुलाब थांबवायचं औषध दिलं तर अजून अडकतं. पोट फुगलेलं, भूक कमी, मध्येच कधीतरी खूप मोठी शी, हे दिसलं की डॉक्टरांना दाखवायचं.

चरकसंहितेत एक आख्खा अध्याय यावर आहे, न दाबायचे तेरा वेग सांगितलेत, त्यात मल-मूत्र आहेच, वारा सरणं आहे, जांभई आहे, आणि अश्रूही आहेत. या घरात आतून लावता येईल अशी कडी एकाच दाराला आहे. मोठ्या जाऊबाई रडायच्या असल्या तरी तिथेच जातात, नळ सोडून, आणि तेवढ्यातही बाहेरून हाक येतेच.

खोली वाढवणं यांच्या हातात नाही, पण काही गोष्टी त्यांनी बदलल्या. बेसिन बाहेर गॅलरीत काढलं, दात घासणं आणि दाढी तिथेच. आजी-आजोबांची आंघोळ नऊनंतर, हे आजोबांनी स्वतःहून सांगितलं. धाकटी आता आपला चहा सव्वापाचलाच करून घेते, म्हणजे कळ येते तेव्हा बाथरूम रिकामं असतं. पोराला संध्याकाळी जेवणानंतर दहा मिनिटं बसवतात, पायाखाली पाट, आणि तेवढा वेळ कुणी थाप मारायची नाही. सुनेला काही आठवड्यांत फरक पडला. पोराला वेळ लागेल, ताणलेलं आतडं पूर्ववत व्हायला महिने जातात, आणि बरं वाटतंय म्हणून डॉक्टरांनी दिलेलं शी मऊ करायचं औषध मध्येच सोडलं की परत अडकतं.