कुलपाला हात लावण्याआधी

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुका कोर्टात मी वकिली करतो. आज बोलायचंय ते गावातल्या घरमालकांशी, म्हणजे मागच्या दोन खोल्या भाड्याने देऊन घर चालवणाऱ्या माणसांशी.

जानेवारीत एक काकू माझ्याकडे आल्या. त्यांच्या खोलीत जिनिंगवर काम करणारा एक मुकादम राहत होता. भाडं महिन्याला २००० रुपये, अनामत ४०००. करार तोंडी. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरचं भाडं थकलं आणि ८ जानेवारीला, कापसाचा हंगाम ऐन भरात असताना, हा माणूस कुलूप लावून निघून गेला. फोन बंद. काकूंचा मुलगा म्हणाला, "वकीलसाहेब, माह्याच घराचं कुलूप म्या तोडलं, त्यात गुन्हा कायचा? अंदर टीव्ही हाय, गाडी हाय, इकून भाडं काढतो."

त्याचा राग मला समजत होता. तरी मी त्याला थांबवलं. घर काकूंचं असलं तरी ताबा भाडेकरूचा आहे. कोर्टाची वाट सोडून कुणाचा ताबा काढून घेतला, तर स्पेसिफिक रिलीफ कायद्याच्या कलम ६ प्रमाणे त्याला सहा महिन्यांच्या आत दावा करून तो परत मागता येतो, आणि त्या दाव्यात "घर माझं आहे" हे उत्तर चालत नाही. सामानाचंही तसंच. भाडं थकलं म्हणून भाडेकरूच्या वस्तू विकून पैसे वळते करायचा हक्क आपल्याकडे घरमालकाला नाही. अमुक दिवस झाले की सामान मालकाचं होतं, असाही नियम कायद्यात नाही. उलट टीव्ही विकला तर अपहाराची तक्रार आपल्यावरच येऊ शकते.

मग करायचं काय? आधी माणूस खरंच सोडून गेला की अडचणीत आहे, हे पाहायचं. तो दवाखान्यात असेल, गावी कुणी वारलं असेल. काकूंना मी एक वही घालायला सांगितली. त्या दिवशी कुणाला विचारलं, तो काय म्हणाला, तारीख आणि वेळ, एवढंच त्यात लिहायचं. जिनिंगमध्ये विचारलं तेव्हा कळलं, ५ तारखेलाच तो हिशेब करून पैसे घेऊन गेला. हे वहीत आलं. मीटरच्या आकड्याचा फोटो काढला. पोलीस पाटलांना सांगितलं, ठाण्यात साधा अर्ज दिला आणि आपल्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का घेतला. ती पोच फार कामाची. कारण उद्या त्याच्या घरचे "माणूस हरवला" म्हणत आले, तर आपण काही लपवलं नाही हे त्या कागदावर दिसतं.

नंतर नोटीस. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा प्रत्येक खेड्याला लागू नाही. त्याच्या परिशिष्टांत जी ठिकाणं आहेत तिथेच तो चालतो, आणि तिथले नियम वेगळे आहेत. तेव्हा तुमचं गाव त्यात येतं का, ते आधी विचारून घ्या. काकूंचं गाव त्यात नव्हतं, म्हणून मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०६ लागलं. महिन्याच्या भाड्याने राहणाऱ्याला १५ दिवसांची लेखी नोटीस. १३ जानेवारीला आम्ही ती स्पीड पोस्टाने दोन पत्त्यांवर पाठवली, एक खोलीचा आणि एक त्याच्या आधार कार्डावरचा मूळ गावाचा. हातात द्यायला माणूसच नव्हता, म्हणून एक प्रत दोन शेजाऱ्यांसमोर दारावर चिकटवली आणि फोटो काढला. त्याच मजकुराचा फोटो त्याच्या व्हॉट्सॲपवर टाकला.

२ फेब्रुवारीला उत्तर आलं: "काकू, मी परत येत नाही. खोली दुसऱ्याला द्या. सामान भाऊ नेईल." हा निरोप सोन्यासारखा. त्याने स्वतःच्या शब्दांत ताबा सोडला. काकूंना बजावलं, हा निरोप पुसू नका, फोन बदलू नका, कारण कोर्टात मूळ फोन लागू शकतो. असं उत्तर आलंच नसतं, तर मी खोली उघडू दिली नसती. ताब्यासाठी आणि थकबाकीसाठी दिवाणी दावा लावला असता. त्यात वेळ जातो हे खरं, पण आत सामान असेपर्यंत "मी सोडलंच नव्हतं" म्हणायला त्याला जागा राहते.

आता खोली उघडायचा दिवस. सगळ्यात जास्त चुका इथे होतात. पोलीस पाटील आणि दोन शेजारी बोलावले. कुलूप दिसतंय तिथपासून मोबाईलवर चित्रण सुरू केलं आणि मध्ये बंद केलं नाही. यादी करताना मुलाने लिहिलं, "जुना दिवाण, टीव्ही, भांडे." मी ते खोडायला लावलं. यादी अशी हवी: एक लाकडी दिवाण, उजवा मागचा पाय तुटलेला. टीव्ही एक, कंपनी अमुक, मागचा क्रमांक अमुक, काचेला डावीकडे तडा. मोडकं असेल तर मोडकंच लिहा, नाहीतर उद्या ती मोडतोड तुमच्या नावावर. गाडीचा नंबर आणि किलोमीटरचा आकडा. गॅसच्या टाकीवरचा क्रमांक, आणि रेग्युलेटर काढून ठेवला हेही.

एका डब्यात पोत सापडली. शेजारी म्हणाले, सोन्याची लिहा. ती "पिवळ्या धातूची" लिहायची, कारण सोनं आहे की नाही हे आपण तपासलेलं नाही. पंचनाम्यात पोलीसही असंच लिहितात. पोत, बँकेचं पुस्तक आणि मुलीचा शाळेचा दाखला एका पाकिटात घातला, तोंड चिकटवलं आणि चिकटवलेल्या जागेवर तिघांच्या सह्या घेतल्या. एक लोखंडी पेटी कुलूपबंद होती. ती उघडली नाही, "कुलूपबंद पेटी, आतील वस्तू माहीत नाहीत" एवढंच लिहिलं. तूरडाळीला सोंडे लागले होते, ती सगळ्यांसमोर फेकली आणि यादीत तसं नोंदवलं. प्रत्येक पानावर सह्या झाल्या, शेवटच्या ओळीखालच्या कोऱ्या जागेवर तिरपी रेघ मारली, म्हणजे मागून कुणाला काही घुसवता येत नाही. सामान कोठ्यात, कोरड्या जागी, ताडपत्रीखाली ठेवलं. आपण ठेवून घेतलेल्या वस्तूची काळजी आपल्या वस्तूसारखीच घ्यावी लागते.

यादीचे फोटो आणि हिशेब त्याला पाठवला. ऑक्टोबर ते जानेवारी चार महिन्यांचे ८००० रुपये, विजेचे ५४०, एकूण ८५४०. अनामत ४००० वजा जाता बाकी ४५४०. जानेवारीचं भाडं धरलं, कारण महिनाभर खोली त्याच्याच कुलपात होती. भाड्याच्या थकबाकीचा दावा करायला तीन वर्षांची मुदत असते, म्हणून हा कागद जपून ठेवायचा.

पंधरा दिवसांनी भाऊ आला. काकू सामान द्यायला निघाल्या होत्या, मी म्हटलं, थांबा. हा भाऊच कशावरून? त्याचं आधार पाहिलं, आणि मुकादमाच्या नंबरावरून "माझ्या भावाला सामान द्या" असा निरोप मागवला. मग यादी समोर धरून एकेक वस्तू मोजून दिली, पाकिटावरच्या सह्या त्याला दाखवल्या, आणि "सर्व मिळाले, तक्रार नाही" अशी पोच लिहून घेतली. "बाकी पैशाचं काय?" काकूंनी विचारलं. भावाने २००० तिथेच दिले. काकूंनी त्याची पावती फाडली आणि तिच्यावर उरलेले २५४० येणे बाकी, असं लिहून त्याची सही घेतली.