अगं आजी, अहो आजी

(दृश्य: दादरचा फुलबाजार, दसऱ्याची सकाळ. झेंडूचे ढीग, आपट्याच्या जुड्या.)

दसऱ्याला दादरच्या फुलबाजारात पाय ठेवायला जागा नसते. झेंडू, आंब्याचे टाळे, भाताच्या लोंब्या आणि आपट्याची पानं. पुष्कळदा आपट्याच्या नावाखाली कांचनाची पानं हातात पडतात, पण घाईत ते कोण बघतंय! संध्याकाळी हीच पानं सोनं म्हणून घरोघरी वाटली जातील. आधी देवापुढे, मग घरातल्या मोठ्यांच्या हातात. आणि मोठ्यांच्या हातात सोनं दिलं की पाठोपाठ वाकायचं.

या संध्याकाळी एक जोडपं बोरिवलीहून गाडी पकडून चर्नी रोडला उतरतं. लग्नाला अजून वर्ष झालेलं नाही. गिरगावातल्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, त्याची आजी राहते. त्याच्या आईची आई. सून त्या घरी दसऱ्याला पहिल्यांदाच येते आहे.

(दृश्य: लाकडी जिना, लांब गॅलरी, दाराला तोरण.)

दार उघडं आहे. तो बाहेर चपला काढता काढताच आवाज देतो, "अगं आजी, आलो गं!"

तिच्या तोंडून येतं, "अहो आजी, कशा आहात?"

बाई एकच, उंबरठा एकच. तरीही दोघांचं बोलणं आपापल्या जागी अगदी बरोबर आहे. मराठी माणसाला हे कुणी शिकवत नाही, पण परभाषक मित्राला किंवा इंग्रजी शाळेत वाढलेल्या मुलाला सांगायला गेलं की लक्षात येतं, यात किती गोष्टी एकमेकांत अडकल्या आहेत.

त्यानं तिला 'तू' म्हटलं, म्हणजे मान कमी झाला असं नाही. आई, आजी, मावशी, आत्या या आपल्याकडे बहुतेक घरांत 'तू'च असतात. ज्यांच्या मांडीवर आपण वाढलो त्यांना अंतर ठेवून बोलणं कानाला परकं वाटतं. देवालाही आपण 'तू'च म्हणतो. वडील, आजोबा, काका, मामा यांच्या बाबतीत मात्र घरागणिक फरक आहे. काही घरांत बाबांना आजही 'अहो बाबा' म्हणतात, तर मुंबईतल्या कितीतरी घरांत 'ए बाबा, तू कधी येणार?' हे रोजचं झालं आहे. दोन्हीकडे प्रेम सारखंच असतं. ज्या घरात जायचं तिथली पद्धत आधी विचारून घ्यावी, एवढंच.

सुनेचं मात्र वेगळं. ती या घरात मोठी झालेली नाही. नवऱ्याची आजी म्हणजे नात्यानं आजेसासू, पण त्या नावानं हाक कुणीच मारत नाही. नातं सांगायचा शब्द वेगळा आणि हाक मारायचा शब्द वेगळा. मामेसासऱ्यांना 'मामा', आत्येसासूंना 'आत्या', सासऱ्यांना 'बाबा'. नवऱ्याची हाक तीच सुनेची हाक, फक्त सुरुवातीला तिच्या हाकेआधी 'अहो' येतं. म्हणून मुंबईतल्या मुली मैत्रिणींशी बोलताना आपली आई आणि सासूबाई यांच्यातला फरक किती सहज सांगतात बघा: एक 'आई' आणि एक 'अहो आई'.

(दृश्य: आतली खोली. आजी खुर्चीत, समोर दोघं.)

सोनं हातात दिलं जातं. तो म्हणतो, "आजी, सोनं घे." ती म्हणते, "आजी, सोनं घ्या." 'सोन्यासारखे राहा' हे वाक्य ती दोघं म्हणत नाहीत, कारण तो आशीर्वाद आहे आणि तो वरून खाली यायचा असतो. आजीच ते म्हणते.

आता नमस्कार. आधी पानं देऊन हात मोकळे करायचे, खांद्यावरची पर्स खाली ठेवायची. बसलेल्या माणसापासून साधारण हातभर मागे उभं राहायचं. कमरेतून वाकायचं, गुडघे थोडे सैल. दोन्ही हातांची बोटं पावलांना, अंगठ्यांच्या जवळ लागतात आणि मग ती आपल्या कपाळाला. कितीतरी घरांत बायका हे तीनदा करतात, विशेषतः घाटावरून आलेल्या कुटुंबांत. ती तीनदा वाकली नाही म्हणून कुणी रागावणार नाही, पण शेजारी सासूबाई तीनदा वाकत असतील तर तिनंही तसं केलेलं बरं दिसतं.

आणि उठायची घाई करायची नाही. आजीचा हात डोक्यावर किंवा पाठीवर यायचा असतो. तो यायच्या आतच माणूस सरळ झाला तर आजीचा हात हवेत राहतो. हे दृश्य लग्नाच्या स्वागत समारंभात पदोपदी दिसतं. तिथेच दुसरीही एक सवय दिसते: अर्धवट वाकून समोरच्याच्या गुडघ्याला ओझरता हात लावायचा. माझं मत विचाराल तर त्यापेक्षा दोन्ही हात नीट जोडून, नजर खाली करून केलेला नमस्कार शंभर पटींनी चांगला. कंबर दुखत असेल, पोटात बाळ असेल, तर तसंच करावं. मोठी माणसं स्वतःहून सांगतात, "वाकू नकोस गं."

"असू दे, असू दे," हे तर त्या म्हणणारच. ते ऐकून थांबायचं नसतं. नमस्कार पुरा करायचा. मग आशीर्वाद येतो. त्याला "औक्षवंत हो", तिला "अखंड सौभाग्यवती भव", किंवा दोघांना मिळून साधं "सुखी राहा". आजोबाही घरात असते तर दोघांना शेजारी उभं करून जोडीनं नमस्कार झाला असता. तसा आग्रह पुष्कळ घरांत धरतात.

(दृश्य: पलीकडची खोली. पलंगावर झोपलेले चुलत आजोबा.)

पलीकडच्या खोलीत आजीचे मोठे दीर आहेत, पलंगावर आडवे. सून तशीच पायांशी वाकायला जाते आणि मामी तिचा हात धरते. झोपलेल्या माणसाच्या पाया पडत नाहीत. तसा नमस्कार फक्त गेलेल्या माणसाला करतात, आणि जुन्या माणसांच्या मनाला ते फार लागतं. मामी आजोबांच्या पाठीमागे उशी लावते, त्यांचे पाय पलंगाखाली सोडते, मग दोघं वाकतात. उठवणं शक्यच नसतं तर उशाशी जाऊन हात जोडले असते, किंवा त्यांचा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला असता. जेवायला बसलेल्या माणसालाही नमस्कार करत नाहीत. त्यांचा हात धुऊन होईपर्यंत थांबतात.

(दृश्य: चहा, फराळाच्या बशा. गप्पा.)

नमस्कार मिनिटभरात झाला. खरी परीक्षा पुढच्या तासाभराच्या गप्पांत आहे, कारण 'तू' आणि 'तुम्ही' फक्त त्या एका शब्दात राहत नाहीत. ते क्रियापदाच्या शेवटापर्यंत जातात. तो विचारतो, "आजी, गोळी घेतलीस का?" तीच काळजी तिच्या तोंडून अशी येते: "आजी, गोळी घेतलीत का?" शेवटी 'स' की 'त', एवढ्यावर सगळं नातं तोललं जातं. आजी समोर नसतानाही हे सुटत नाही. परतीच्या गाडीत तो म्हणेल, "आजी काय म्हणाली?" आणि ती म्हणेल, "आजी काय म्हणाल्या ते ऐकलंस ना?"

चूक होते ती यांची सरमिसळ झाली की. "अहो आजी, तू बस ना" किंवा "तुम्ही कधी आलास?" असं वाक्य आलं की सगळ्यांचे कान टवकारतात. 'अहो' म्हटलं की पुढे 'तुम्ही', 'बसा', 'आलात' यायलाच हवं. 'अगं' किंवा 'अरे' म्हटलं की 'तू', 'बस', 'आलीस', 'आलास'. इंग्रजी शाळेतली मुलं घसरतात ती इथेच. तुम्ही म्हणायचं त्यांच्या लक्षात असतं, क्रियापद मात्र मित्रांशी बोलतानाचंच येतं. त्यांना नुसतं 'तुम्ही म्हण' असं सांगून भागत नाही, 'आलात, घेतलीत, जेवलात' हे कानावरून जायला हवं. हिंदीतल्या 'आप'च्या सवयीनं काही जण आजीला 'आपण' म्हणतात. सभेत, निमंत्रणात ते शोभतं. घरात मात्र आजी पाहुणी असल्यासारखं वाटतं. शिवाय 'आपण कधी निघणार?' असं विचारलं तर आजीला वाटेल, हे मलाही बोरिवलीला नेतायत की काय.

नव्या सुना एक युक्ती करतात, बारकाईनं ऐकलं तर कळेल. 'तू' म्हणवत नाही, 'तुम्ही' फार लांबचं वाटतं, अशा वेळी दोन्ही टाळतात. "गोळी झाली का?" "चहा टाकायचा ना?" "जेवण कधी करायचं?" वाक्यात माणूसच नसतो. महिनोन्‌महिने असं निभावून नेणाऱ्या मुली आहेत.

यातून सुटका मोठ्या माणसाकडूनच होते. आजी आज चहाचा कप घेता घेता म्हणतात, "अगं, मला अहोजाहो करू नकोस. आजी म्हणतेस ना, मग अगं म्हण." इथे दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. मुभा आजीनं दिली आहे, तर ती आजीपुरती. शेजारी बसलेल्या मामींना लगेच 'अगं मामी' होत नाही, त्या 'मामी, तुम्ही'च राहतात. आणि मुभा मिळाल्यावरही 'तुम्ही'ला चिकटून राहिलं तर तो मान न वाटता दुरावा वाटू शकतो. पहिले काही दिवस जीभ अडखळते, "आजी, तुम्ही... तू बस" असं होतं. तेवढं आजी समजून घेतात.

(दृश्य: नायगाव, चाळीतलं घर. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर.)

याच संध्याकाळी नायगाव-वरळीच्या चाळींत कितीतरी घरी भेट 'जय भीम'नं सुरू होते. 14 ऑक्टोबर 1956 रोजी, विजयादशमीच्याच दिवशी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात बौद्ध धम्म स्वीकारला. या घरांत नात आजोबांना हात जोडून 'जय भीम' म्हणते आणि आजोबाही तितक्याच नीट हात जोडून 'जय भीम' म्हणतात. लहान-मोठं, दोघांचा शब्द एकच. काही घरांत त्यानंतर पायाही पडतात, काही घरांत नाही. बाहेरच्या माणसानं तिथे 'जय भीम' म्हणावं आणि पुढचं यजमान करतील तसं करावं.

(दृश्य: गिरगावची गॅलरी. दोघं निघतात.)

निघताना ती दोघं 'जातो' म्हणत नाहीत. तो म्हणतो, "येतो गं आजी." ती म्हणते, "येते हं." आतून मामीचा आवाज येतो, "पोचल्यावर फोन करा." डोंबिवलीच्या आत्यांकडे आज जाणं होणार नाही, म्हणून गाडीत बसल्यावर त्यांना फोन लागतो. त्याचं बोलून झालं की फोन तिच्याकडे येतो. ती म्हणते, "आत्या, नमस्कार करते. दसऱ्याच्या शुभेच्छा. तुम्ही पुढच्या रविवारी घरी असाल ना?"