धावून झाल्यावर शरीराकडे उरतं किती?

(दादरला धावपटू मुलामुलींचे पालक आणि प्रशिक्षक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मी आज एकाच मुलीबद्दल बोलणार आहे. नाव सांगणार नाही. सतरा वर्षांची, बारावी सायन्सची, तीन हजार मीटर धावणारी. माझ्याकडे आली ती उजवी नडगी दुखते म्हणून. मी पायावरून बोट फिरवत गेले. घोट्याच्या वर चार बोटांवर, हाडाच्या आतल्या कडेला रुपयाच्या नाण्याएवढी एक जागा होती. तिथे बोट दाबलं आणि तिने पाय ओढून घेतला. त्याच्या वर-खाली काहीच दुखत नव्हतं.

हा फरक लक्षात ठेवा. सरावाने नडगी भरून येते तेव्हा सगळी कड लांबलचक दुखते, आणि अंग गरम झालं की कमी होते. हाडालाच इजा होते तेव्हा दुखणं एका जागी बोट ठेवून दाखवता येतं, धावताना वाढत जातं आणि पुढे रात्री झोपेतही ठणकतं. तिचा एक्स-रे आधीच झाला होता आणि तो स्वच्छ होता. सुरुवातीच्या आठवड्यांत तो बहुतेक वेळा स्वच्छच दिसतो. एमआरआय केला तेव्हा हाडाच्या आत सूज दिसली.

मग मी विचारलं, "शेवटची पाळी कधी आली?" तिने आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "डॉक्टर, आता चार महिने होतील. बारावीचं टेन्शन आहे ना, म्हणून असेल." त्याआधी एका ठिकाणी पाळी यावी म्हणून तीन महिने गोळ्याही दिल्या होत्या. त्या गोळ्या चालू असेतो दर महिन्याला रक्तस्राव झाला आणि सगळ्यांना वाटलं, लागलं मार्गी. पण तो रक्तस्राव त्या-त्या महिन्याच्या गोळ्या थांबवल्यामुळे येतो, स्वतःच्या अंडाशयाने काम सुरू केल्यामुळे नाही. म्हणजे शरीर जी एक सूचना देत होतं, तीच आपण झाकून टाकली. याचं मला आजही वाईट वाटतं.

मी वजन विचारलं. सेहेचाळीस किलो. गेल्या वर्षी एकोणपन्नास होतं, तीन किलो उतरलं आणि पाच महिने काटा तिथेच. आई म्हणाली, "वजन काही कमी होत नाहीये, म्हणजे खाणं पुरतंय." इथेच बहुतेक घरांची फसगत होते. आपण हिशेब मांडू.

घरात पगार आला की आधी कर्जाचा हप्ता कापला जातो आणि उरलेल्यात घर चालतं. धावणं हा तो हप्ता आहे. तो पुढे ढकलता येत नाही. ढोबळमानाने, दर किलो वजनाला दर किलोमीटरमागे एक कॅलरी लागते. ही मुलगी रोज सरासरी बारा किलोमीटर धावायची, म्हणजे सुमारे साडेपाचशे. तिचं दिवसभराचं खाणं आम्ही घासाघासाने लिहून काढलं, ते सोळाशेच्या आसपास आलं. हप्ता गेला, उरले एक हजार पन्नास. त्यात मेंदू, हृदय, वाढ, पाळी, हाडांची डागडुजी, सगळं चालवायचं.

हे पुरतं की नाही हे पाहताना चरबी वगळून उरलेलं वजन धरतात. तिचं ते साधारण एकोणचाळीस किलो होतं. एक हजार पन्नास भागिले एकोणचाळीस, सत्तावीस. निरोगी तरुण मुलीला या मापाने पंचेचाळीसच्या आसपास लागतात. तीसच्या खाली गेलं तर पाळी घडवून आणणाऱ्या संप्रेरकाची लय काही दिवसांतच बिघडू शकते, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. तीस ही काही लक्ष्मणरेषा नाही. कुणाचं आधी बिघडतं, कुणाचं नंतर. आणि आठवून लिहिलेलं खाणं कधीच अचूक नसतं. पण दिशा कळायला हा हिशेब पुरतो. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये खेळाडूला ऊर्जा अपुरी पडण्याच्या या अवस्थेला ‘रिलेटिव्ह एनर्जी डेफिशियन्सी इन स्पोर्ट’ असं नाव दिलं. बोलताना आम्ही ‘रेड-एस’ म्हणतो.

मग वजन स्थिर का? कारण पैसे कमी पडले की घर खर्चाला कात्री लावतं. शरीर आधी जगायला न लागणारे खर्च बंद करतं. पाळी थांबते. थायरॉईडचं काम मंदावतं, म्हणून ही मुलगी एसी लोकलमध्ये स्वेटर घालून बसायची. चिडचिड वाढते, सर्दी सुटत नाही, सराव तोच असून वेळ सुधारत नाही. इस्ट्रोजेन घटलं की हाड झिजणं चालूच राहतं आणि भरणं मागे पडतं. हे वयही असं की हाडाचा बहुतेक साठा विशीपर्यंत भरायचा असतो.

मुलग्यांना पाळी नाही, म्हणून त्यांच्यात हे आणखी उशिरा कळतं. त्यांचं टेस्टोस्टेरॉन घटतं. सकाळी उठल्यावर लिंगाला येणारा ताठरपणा कित्येक आठवडे येत नसेल, तर ती त्यांची चुकलेली पाळी समजा. बाबांनो, हे मुलाला तुम्ही विचारा. लाजू नका.

आता तिचा दिवस पाहा. सव्वापाचला कोरा चहा, साडेपाचला मैदान. परत येऊन आंघोळ, आठला क्लास, आणि पहिला घास अकराला, डब्यातल्या दोन पोळ्यांचा. रात्री भात बंद, कारण मैदानावर कुणीतरी म्हटलं होतं, "हलकी हो, वेळ येईल." त्याऐवजी वाडगाभर काकडी-गाजर. पोट भरायचं, ऊर्जा मिळायची नाही. मार्गशीर्षातले गुरुवारही ती आजीबरोबर धरायची, आणि जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची तयारी करणाऱ्या तरुणींचे मोठे सराव नेमके त्याच दिवसांत येतात. उपास सोडा असं मी म्हणत नाही. उपासाच्या दिवशी धावू नका, एवढंच म्हणते.

तिला लागत होत्या साधारण तेवीसशे कॅलरी, म्हणजे सातशेची तूट. ती एकदम भरायला गेलो असतो तर पोट फुगलं असतं आणि मुलगी घाबरली असती. आधी साडेतीनशे वाढवल्या: मैदानावर जाण्याआधी कपभर साईचं दूध आणि एक केळं, आणि सराव संपल्यावर अर्ध्या तासात, आंघोळीच्या आधी, एक शेंगदाण्याची चिक्की. तीन आठवड्यांनी रात्रीचा आमटी-भात तुपासकट परत आणला आणि संध्याकाळी मूठभर शेंगदाणे. पाय बरा होईपर्यंत धावणं बंद होतं, तरी खाणं कमी केलं नाही. हाड जोडायलाही ऊर्जा लागतेच.

थायरॉईड, गर्भधारणा, पीसीओएस हे आधी तपासून वगळलं. पाळी चुकण्याचं कारण दर वेळी खाणंच असतं असं नाही. पण सलग तीन महिने पाळी आली नाही, किंवा पंधरा पूर्ण होऊनही ती सुरूच झाली नाही, तर परीक्षा संपायची वाट पाहू नका. आणि धावताना जांघेत खोल दुखत असेल, तर त्या क्षणी थांबा. मांडीच्या हाडाच्या मानेला भेग असेल तर ती सरकू शकते आणि मग शस्त्रक्रियेची वेळ येते.

मुलगी खायलाच घाबरत असेल, आरशासमोर रडत असेल, जेवण लपवत असेल, तर तिला वाढप्याची नाही, मानसोपचारतज्ज्ञाची गरज आहे. तिथे ओरडून घास भरवू नका.

या मुलीचे हातपाय गार पडणं तीन आठवड्यांत थांबलं. सहा आठवडे धावणं बंद ठेवून मग एक मिनिट धाव, एक मिनिट चाल, असं सुरू केलं. पाळी पाचव्या महिन्यात आली. हाडांची घनता मात्र वयाच्या मानाने अजून कमी आहे, ती भरायला वर्षं लागतील, आणि पूर्ण भरेलच असं मी तिच्या आईला सांगितलेलं नाही. परवा ती तपासणीला आली तेव्हा पिशवीत दोन डबे होते, एक जेवणाचा आणि एक छोटा स्टीलचा, मैदानावरचा. त्यात राजगिऱ्याचे दोन लाडू होते. एक तिने मला दिला, आणि दुसरा माझ्यासमोर बसून खाल्ला.