लेहला जा, पण बाबांना नेऊ नकोस

नमस्कार श्रोतेहो. मागच्या महिन्यात एका मैत्रिणीला मी मेल लिहिला. सुट्टीत कुठं जाऊ, असं तिनं विचारलं होतं आणि मी नुकतीच लेहहून आले होते. पहिला मेल पाच मिनिटांत झाला: फार सुंदर आहे, डोळे झाकून जा. पाठवायच्या आधी पुन्हा वाचला, तेव्हा जाणवलं की यात माझा आनंद आहे, तिच्या उपयोगाचं काहीच नाही. तिची सुट्टी पाच दिवसांची, सोबत दम्याचा जुना त्रास असलेले वडील. हे माहीत असूनही मी ते मनातच घेतलं नव्हतं.

मग नव्यानं लिहिलं. सुरुवात उंचीपासून केली. लेह समुद्रसपाटीपासून साधारण 3,500 मीटरवर आहे. तिथं श्वासागणिक मिळणारा प्राणवायू खालच्यापेक्षा जवळजवळ एकतृतीयांशानं कमी असतो. विमानानं गेलं की शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. मी दुपारी ठणठणीत होते; रात्री डोकं ठणकायला लागलं, मळमळ सुरू झाली, झोप उडाली. त्रास असा काही तासांनी उगवतो, म्हणून उतरल्याउतरल्या बरं वाटतंय यावर विसंबू नकोस, हे मी तिला ठळक अक्षरांत लिहिलं. रोज पळायला जाणाऱ्यालाही हा त्रास होऊ शकतो.

म्हणजे पहिले दोन दिवस नुसतं बसायचं. पँगाँग सरोवर तर सव्वाचार हजार मीटरच्या आसपास आहे आणि वाटेत त्याहून उंच खिंड ओलांडावी लागते. डोकेदुखी असताना तिकडं मुक्कामाला जायचंच नाही. त्रास वाढला, तोल जायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर लगेच खाली उतरायचं. पाच दिवसांत हे सगळं बसवायला गेलं की माणूस विश्रांतीचे दिवसच कापतो. म्हणून लिहिलं, "या सुट्टीत जाऊ नकोस. आठ-नऊ दिवस मिळतील तेव्हा जा. बाबांना न्यायचं की नाही, हे त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ठरवू नकोस. माझं मत विचारशील तर नको."

कुणाला आवडेल, हे लिहिताना मात्र हात थांबेना. ज्याला गच्चीत तासभर नुसतं बसता येतं, त्याला. संध्याकाळी उघड्या डोंगरांचा रंग मातकटाचा जांभळा होतो, चंद्र नसलेल्या रात्री आकाशगंगा नुसत्या डोळ्यांनी दिसते. हिरवाई हवी असणाऱ्याला मात्र तिथं उदास वाटेल; नदीकाठची झाडं सोडली तर सारं उघडंबोडकं आहे.

शेवटी मी कुठल्या महिन्यात गेले आणि किती दिवस राहिले, तेही लिहिलं: सप्टेंबर, नऊ दिवस. तिचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. बाबांना घेऊन ती समुद्रकिनारी गेली आणि लेहसाठी पुढच्या सप्टेंबरची रजा आत्ताच मागून ठेवली आहे.