वायर पिळू नका, पण आधी नीट सोला!

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओत मी जंक्शन बॉक्समधला पिळाचा जॉइंट, म्हणजे वायरींची टोकं एकमेकांत पिळून वर टेप गुंडाळलेला, कापून टाकला आणि कमेंटमध्ये भांडणंच लागली. एकजण म्हणतात, "आमच्याकडे चाळीस वर्षं पीळच आहे, काही झालं नाही." अहो, त्या जॉइंटवर एखादा बल्ब असेल तर नाहीच होणार! तिथे गीझर लावा, मग बोलू.

पिळाला घट्ट धरून ठेवणारं काहीच नसतं. लोड आला की तांबं गरम होऊन फुगतं, बंद केलं की आकसतं, आणि दरवेळी पकड थोडी सुटते. वरची टेप वाळून जाते. समजा, जॉइंटमध्ये नुसता ०.१ ओहमचा अडथळा तयार झाला आणि त्यातून १० अँपिअर चालले. तर तिथे १० वॉट उष्णता. बोटाएवढ्या टेपच्या गोळ्यात! आणि एमसीबी पडत नाही, कारण करंट वाढलेलाच नाही. त्याच्या लेखी सगळं ठीक चाललंय.

आता कामाला लागू. एमसीबी बंद करा. टेस्टर आधी चालू पॉइंटवर लावून तो पेटतो का बघा, मग बॉक्समधल्या प्रत्येक वायरला लावा. प्रत्येक म्हणतोय, कारण एकाच बॉक्समध्ये दुसऱ्या सर्किटची वायरही आलेली असू शकते. एवढं तुम्हाला माहीतच आहे, पुढे जाऊ.

पिळाऐवजी हा लिव्हर कनेक्टर. लिव्हर उचला, वायर घाला, लिव्हर दाबा. झालं. मग मी अख्खा व्हिडिओ का करतोय? सोलण्यासाठी! तुम्ही पाठवलेल्या फोटोंमध्ये निम्म्या वायरी चुकीच्या सोललेल्या असतात.

कनेक्टरच्या अंगावर बघा, सोलायची लांबी छापलेली असते. माझ्या हातातल्यावर ११ मिलिमीटर आहे. दुसऱ्या मॉडेलवर वेगळी असेल, म्हणून अंदाज नको. बाजूला वायर धरायची, नखाने खूण करायची, स्ट्रिपर लावायचा. कटरने गोल फिरवून सोलू नका, तांब्यावर चरा पडतो आणि वायर नेमकी तिथेच मोडते.

आता कॅमेरा जवळ आणतो. इथे तीन न्यूट्रल आहेत, दीड स्क्वेअर एमएमचे: एक मेनकडून, एक पंख्याला, एक दिव्याला. म्हणून तीन तोंडांचा कनेक्टर. पहिली वायर बघा, कमी सोललीय, म्हणजे क्लॅम्प अर्धा इन्सुलेशनवर बसलाय. दिवा लागेल हो! म्हणूनच कुणाला कळत नाही. दुसरी जास्त सोललीय, तांबं बाहेर डोकावतंय. तिसरी बरोबर: पारदर्शक प्लास्टिकमधून तांब्याचं टोक शेवटपर्यंत गेलेलं दिसतं आणि इन्सुलेशनही तोंडाच्या आत आहे.

तरीही माझ्यावर विश्वास ठेवू नका, ओढून बघा. एकेक वायर वेगळी ओढायची, तिन्ही एकत्र मुठीत धरून नाही. मी स्वतः एकदा घाईत हे टाळलं होतं. बॉक्सचं झाकण लावताना वायरी आत दाबल्या, एक न्यूट्रल निसटला आणि दोन दिवसांनी फोन: "पंखा मधेच बंद पडतो." पुन्हा शिडी, पुन्हा झाकण, आणि आत कमी सोललेली वायर. सात-आठ मिलिमीटर असेल.

लिव्हर कनेक्टर मिळाला नाही तर स्क्रूवाला ब्लॉकही चालतो. एका बाजूने एक वायर, दुसरीकडून दुसरी, आणि दोन्ही आपापल्या स्क्रूखाली. इथेही तीच गोष्ट, स्क्रू तांब्यावर बसला पाहिजे, इन्सुलेशनवर नाही. मल्टिस्ट्रँड वायर असेल तर फिरणारा स्क्रू बारीक तारा चिरडतो, तोडतो. म्हणून टोकाला फेरूल, म्हणजे धातूची छोटी नळी, घालून ती दाबून क्रिम्प करा, किंवा स्क्रूखाली पत्री असलेला ब्लॉक घ्या.

आणि कुणीतरी लिहिणारच, "दादा, टोकाला सोल्डर मारलं तर?" नको! सोल्डर मऊ असतं, स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू सरकत राहतं. आज घट्ट वाटलेला स्क्रू काही महिन्यांनी सैल सापडेल.

एकाने विचारलंय, कनेक्टर परत वापरता येतो का? लिव्हरवाला येतो, काळा पडला नसेल किंवा वितळला नसेल तर. पण स्क्रूखाली चेपलेलं वायरचं टोक परत घालू नका. ते कापा आणि नव्याने सोला. किती? छापलंय तेवढं!