धर्मशाळेला पत्र लिहिताना

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय ते धर्मशाळेला पाठवायच्या पत्राबद्दल. पंढरपूरला मंडळी घेऊन जाताना उतरायची सोय मागणारं पत्र. बहुतेक पत्रांत 'कृपया सोय करावी' हे तीनदा येतं, पण व्यवस्थापकाला हवी असलेली माहिती एकदाही येत नाही.

एक नमुना घेऊ. नागपूरच्या महाल भागातलं एक भजनी मंडळ आहे. २२ जण, १३ बाया आणि ९ पुरुष. १४ फेब्रुवारीला दुपारी २ वाजता ट्रॅव्हल्सने नागपूरहून निघायचं, १७ ला परतायचं. मधली १६ तारीख एकादशीची आहे असं समजू.

पहिली गफलत तारखांची होते. पत्रात 'दि. १५ ते १७' एवढंच लिहिलं की व्यवस्थापक धरतो दोन रात्री, १५ ची आणि १६ ची. पण गाडी पोहोचते १५ ला पहाटे ४ वाजता. धर्मशाळेच्या रजिस्टरात ती अजून १४ चीच रात्र असते आणि खोल्यांत आदली मंडळी झोपलेली असतात. मग म्हातारी माणसं थंडीत पायरीवर बसून राहतात. म्हणून पत्रात असं लिहा: "१५ फेब्रुवारी रोजी पहाटे ४ च्या सुमारास आगमन, १७ फेब्रुवारी रोजी सकाळी ११ वाजता प्रस्थान. खोल्या सकाळी मिळणार असल्यास तोवर हॉलमध्ये टेकायला जागा द्यावी." जागा मिळणार नाही असं कळलं, तर गाडी रात्री ८ ला काढायची. मग सकाळी १० च्या सुमारास पोहोचता येतं. हे ठरवायचं ते उत्तर आल्यावर, पंढरपुरात उतरल्यावर नाही.

आता वयस्कर मंडळी. 'सोबत ज्येष्ठ नागरिक आहेत, तळमजला द्यावा' असं लिहिलं की बावीसच्या बावीस जणांना तळमजला हवा, असा अर्थ निघतो. तेवढ्या खोल्या खाली नसतातच, मग विनंती बाजूला पडते. वयापेक्षा गुडघे काय म्हणतात ते सांगा. आपल्या मंडळात सत्तरीवरचे ८ जण आहेत, पण जिना चढता न येणारे तिघंच, दोन आजी आणि एक आजोबा. प्रत्येकासोबत एक जण धरला तर तळमजल्यावर जागा लागते सहा जणांना. चार बायांची एक खोली, दोन पुरुषांची एक. उरलेल्या ९ बाया आणि ७ पुरुष वरच्या दोन हॉलमध्ये चालतील, हेही लिहून टाका. इतकी नेमकी मागणी पुरी करणं व्यवस्थापकाला सोपं जातं.

शौचालयाचं लिहायला लोक लाजतात. लाजू नका. "दोघींना उकिडवं बसता येत नाही, कमोड जवळ असावा" हे सरळ लिहा. कमोड नसेल तर घडीची कमोड-खुर्ची सोबत घेता येते, पण ते आधी कळायला हवं.

जेवणाचं म्हणाल तर 'साधं जेवण' हा फसवा शब्द आहे. आपल्याकडच्या साध्या भाजीतही तर्री तरंगते! पत्रात ताटं मोजून द्या. १५ ला दुपारी आणि रात्री २२-२२ ताटं: वरण-भात, पोळी, एक मऊ शिजलेली भाजी. त्यातली ६ ताटं बिनतिखट, दात नसलेल्यांसाठी. १६ ला उपवासाचे १४ आणि जेवणारे ८. एकादशीला काही ठिकाणी फक्त फराळच करतात, म्हणून त्या ८ जणांचं काय करायचं ते विचारून घ्या. उपवासाच्या १४ पैकी तिघांना साखरेचा आजार असेल, तर नुसती साबुदाण्याची उसळ पुढे आली की पंचाईत. भगर आणि दाण्याची आमटी मिळेल का, विचारा. १७ ला बारस, पारण्याची २२ ताटं सकाळी १० पर्यंत हवीत, कारण ११ ला गाडी निघते. चहा बिनसाखरेचा किती, तेही. औषधाच्या वेळेवर जेवण लागणारं कुणी असेल तर ती वेळ लिहा.

बाकी पत्र नेहमीचं. वर 'मा. व्यवस्थापक', खाली विषय, मग मजकूर. एका पानाच्या वर नको. सोबत नाव, वय, स्त्री की पुरुष अशी यादी जोडा. आधारच्या प्रती मागतात का ते विचारा. मोबाइल नंबर दोन द्या: एक प्रवासातल्याचा, एक नागपुरात घरी थांबणाऱ्याचा. प्रवासात फोन लागेलच असं नाही. शेवटी विचारा, आगाऊ रक्कम किती आणि पावती कुणाच्या नावे.

एकादशीला तिथे गर्दी असतेच, तेव्हा पत्र दोन महिने आधी गेलेलं बरं. होकाराचं उत्तर छापून गाडीत पुढे बसणाऱ्याच्या खिशात ठेवा, कारण पहाटे दारावर जो माणूस असतो, त्याने तुमचं पत्र वाचलेलं नसतं. आणि निघायच्या चार दिवस आधी फोन करून आकडा पक्का सांगा. २२ चे १९ झाले असतील तर तीन ताटं कमी करायला सांगा.